यूसी परत आली असेल तर आधी ३१ मार्चची शिल्लक बघा

प्रश्न: "आमच्या संस्थेला केंद्राच्या एका योजनेतून १२ लाख मंजूर झाले, त्यातले ९ लाख पहिला हप्ता म्हणून २०२४-२५ मध्ये आले. उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे यूसी पाठवली, त्यात ९ लाख मिळाले आणि ९ लाख खर्च झाले असं लिहिलं, सीएची सही-शिक्काही आहे. तरी परत आली. शेरा असा की आकडे ऑडिटशी जुळत नाहीत, व्याज दाखवलेलं नाही, फॉर्म जुना आहे, सह्या अपुऱ्या आहेत. नक्की वर्डिंग काय हवं, खर्चाचं स्टेटमेंट कसं करायचं आणि सह्या कोणाच्या?"

नमस्कार. मी १८ वर्षं संस्थांचे हिशेब बघते, त्यातला बराच वेळ अनुदानाच्या फाइलींवर गेलाय. तुमच्याकडे चार शेरे आलेत पण माझ्या मते मूळ दुखणं एकच आहे. तुम्ही यूसीला "पैसे खर्च केल्याचा दाखला" समजलात, आणि म्हणून मिळालेली रक्कम आणि खर्चाची रक्कम सारखी दाखवायचा प्रयत्न झाला. तो दाखला तसा नसतो. वर्षाच्या सुरुवातीला हातात किती होतं, वर्षात किती आलं, व्याज किती पडलं, खरंच किती गेलं आणि ३१ मार्चला किती उरलं आणि ते कुठे आहे, एवढी सगळी साखळी त्यात जुळावी लागते. पैसे उरले म्हणून यूसी परत येत नाही. उरलेले असून शून्य दाखवले तर येते.

काही गोष्टी तुमच्या मंजुरीपत्रावर अवलंबून आहेत ते आधीच सांगते. रिकरिंग आणि नॉन-रिकरिंगची वेगळी यूसी हवी की एकत्र चालते, सीएची सही यूसीवर हवी की फक्त स्टेटमेंटवर, पोर्टलवर भरायची की कागद पाठवायचा, हे प्रत्येक खात्याचं वेगळं असतं आणि ते मंजुरीपत्राच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. तेव्हा ते पत्र समोर घेऊनच पुढचं वाचा. राज्य सरकारचं अनुदान असेल तर शासन निर्णयासोबत जोडलेला नमुनाच वापरायचा, खाली मी केंद्राचं सांगतेय.

फॉर्मचं पटकन सांगते. तुम्ही बहुतेक जुना जीएफआर १९-ए वापरलाय, तो इंटरनेटवर अजून सगळीकडे फिरतोय. एकच लांब परिच्छेद असतो, "एवढ्या रकमेपैकी एवढी रक्कम मंजूर कारणासाठी वापरली" असा. तो २००५ च्या सामान्य वित्तीय नियमांमधला, म्हणजे जीएफआरमधला. २०१७ मध्ये नवे नियम आले आणि संस्थांसाठी नियम २३८ खालचा जीएफआर १२-ए आला. १२-सी नावाचाही फॉर्म दिसेल, तो राज्य सरकारांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. जुन्या फॉर्ममध्ये व्याजाला रकानाच नव्हता, म्हणून तुमचा व्याजाचा शेरा आणि फॉर्मचा शेरा एकाच जागेवरून आलाय.

आता आकड्यांकडे येते. तुम्ही तुमचा तपशील दिलेला नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या एका संस्थेची फाइल सांगते, अगदी हाच प्रकार होता, फक्त समजायला सोपं जावं म्हणून तुमच्या ९ लाखांवर बसवते.

त्यांचा ९ लाखांचा हप्ता तीन भागांत होता. सर्वसाधारण खर्चासाठी ३,७५,०००, पगारासाठी ३,००,००० आणि भांडवली मालमत्तेसाठी २,२५,०००. हे तीन भाग मंजुरीपत्रात स्पष्ट असतात आणि एकाचे पैसे दुसऱ्यात परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. त्यांनी यूसीत ९ लाख पूर्ण खर्च दाखवला. मी पहिल्यांदा काय मागितलं तर अनुदानाच्या खात्याचं पासबुक, कारण तिथून सुरुवात केली की बाकीचं आपोआप उलगडतं. पासबुकात ३१ मार्चला ७१,३०० शिल्लक. आता सगळे ९ लाख संपले असतील तर हे ७१ हजार कुठून आले? मंत्रालयातला फाइल तपासणारा माणूस पण हेच विचारतो, कारण बँक स्टेटमेंट त्याच्याकडेही गेलेलं असतं.

मग एकेक करून बघितलं. ३० मार्चला दिलेले दोन चेक, मिळून १२,५०० चे, एप्रिलमध्ये वटले होते. तो खर्च खरा आहे, बिल मार्चचं, चेक मार्चचा, फक्त बँकेत उशिरा गेला. म्हणजे कॅशबुकाप्रमाणे बँकेत ५८,८०० राहिले. वर्षभरात खात्यावर ११,४०० व्याज जमा झालेलं, ते यूसीत कुठेच नव्हतं. आणि मग "खर्च" म्हणून धरलेल्या तीन रकमा निघाल्या ज्या खर्च नव्हत्याच.

पहिली २०,००० ची, प्रशिक्षणासाठी को-ऑर्डिनेटरला दिलेली उचल. प्रशिक्षण एप्रिलमध्ये झालं, बिलं एप्रिलमध्ये आली. पैसे खात्यातून गेले म्हणून त्यांनी खर्च धरला, पण हिशेब आला नाही तोवर ती उचलच असते, आणि १२-ए मध्ये तिला "समायोजित न झालेली अग्रिमे" असा स्वतंत्र रकाना आहे, सुरुवातीच्या शिलकीतही आणि शेवटच्या शिलकीतही.

दुसरी ३४,००० ची. प्रिंटरची ऑर्डर मार्चमध्ये दिली, माल आणि बिल एप्रिलमध्ये. ऑर्डर म्हणजे खर्च नाही. "कमिट झालंय ना, मग धरायला काय हरकत" असं बरेच जण म्हणतात, पण रकान्यावर प्रत्यक्ष आकडे असं लिहिलेलं आहे. हवं तर कव्हरिंग लेटरमध्ये लिहा की इतक्या रकमेची ऑर्डर दिलेली आहे, खर्चात धरू नका.

तिसरी १३,४०० ची, संस्थेच्या ऑफिसभाड्याचा वाटा. भाडं संस्थेच्या स्वतःच्या खात्यातून दिलं होतं आणि वर्षअखेरीला नुसती जर्नल एंट्री मारून प्रकल्पावर टाकलं. योजनेत प्रशासकीय खर्चाचं हेडच नव्हतं. ही एंट्री सीएने ऑडिटमध्ये काढून टाकली होती, म्हणून ऑडिटचा आकडा कमी आणि यूसीचा जास्त. तुमचा "ऑडिटशी जुळत नाही" हा शेरा अशाच एखाद्या एंट्रीतून आलेला असण्याची शक्यता मला जास्त वाटते, तेव्हा अकाउंटंटला विचारा की ३१ मार्चच्या तारखेला कोणकोणत्या जर्नल एंट्र्या केल्या, आणि त्या प्रत्येकीच्या मागे बँकेतून पैसे हलले का.

या तिन्ही मिळून ६७,४००. ९ लाखांतून वजा केले की खरा खर्च ८,३२,६००. तो असा होता, सर्वसाधारण ३,४१,६००, पगार ३,००,०००, भांडवली १,९१,०००. आता १२-ए ची साखळी बसते का बघा:

सुरुवातीची शिल्लक: ०
व्याज: ११,४००
सरकारकडे भरलेलं व्याज (वर्षात): ०
वर्षात मिळालेलं अनुदान: ९,००,०००
एकूण उपलब्ध: ९,११,४००
झालेला खर्च: ८,३२,६००
शेवटची शिल्लक: ७८,८००

आणि फॉर्मच्या शेवटी ही ७८,८०० कुठे आहे ते विचारतात. बँकेत ५८,८००, उचल २०,०००, बेरीज ७८,८००. इथे एका रुपयाचाही फरक राहिला तर पुढे जाऊ नका, परत कॅशबुकाकडे जा. एवढी जुळणी झाली की उरलेलं काम लिहिण्याचं राहतं.

व्याजाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं कारण इथे लोक प्रामाणिकपणे चुकतात. फॉर्ममध्ये व्याजाचा रकाना सुरुवातीच्या शिलकीच्या शेजारी आहे, त्यामुळे वाटतं की मागची शिल्लक शून्य तर व्याजही शून्य. मी तिथे वर्षभरात अनुदानाच्या पैशावर पडलेलं सगळं व्याज लिहिते आणि तसंच लिहायला हवं, कारण नाहीतर बँकेतली शिल्लक कधीच जुळणार नाही. हे व्याज आपलं नसतं. नियम २३०(८) प्रमाणे हिशेब पूर्ण झाले की ते लगेच भारताच्या संचित निधीत भरायचं, पुढच्या हप्त्यातून वळतं करून घ्या असंही म्हणता येत नाही. प्रकल्पावरच खर्च केलं असं सांगितलं तरी चालत नाही. भारतकोशवरून ऑनलाइन भरता येतं, भरताना मंत्रालय आणि कारण नीट निवडा आणि पावती यूसीला जोडा. त्या संस्थेने ते नंतर, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात भरलं, त्यामुळे २०२४-२५ च्या यूसीत "भरलेलं व्याज" शून्यच राहिलं आणि ११,४०० शिलकीत दिसले. पुढच्या वर्षीच्या यूसीत सुरुवातीची शिल्लक ७८,८०० येईल आणि भरलेल्या व्याजाच्या रकान्यात ११,४०० वजा होतील. ३१ मार्चच्या आधी भरलं असतं तर याच वर्षी वजा होऊन शिल्लक ६७,४०० आली असती. दोन्ही बरोबर आहे, तारखेप्रमाणे लिहायचं एवढंच.

तुमचं अनुदान वेगळ्या खात्यात नसेल, संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात मिसळलं असेल, तर व्याजाची वाटणी करावी लागेल. महिन्याच्या महिन्याला अनुदानाची शिल्लक किती होती त्या प्रमाणात व्याज काढायचं, तो तक्ता सीएकडून तपासून घ्यायचा आणि जोडायचा. किचकट आहे पण टाळता येत नाही. आणि ज्या योजनांत पैसे संस्थेच्या बँक खात्यात आधी येतच नाहीत, खर्चाच्या वेळी थेट सरकारी खात्यातून जातात, तिथे हा व्याजाचा प्रश्नच उभा राहत नाही.

आता खर्चाचं स्टेटमेंट. यूसी हा एक-दोन पानांचा सारांश आणि स्टेटमेंट त्याचा आधार, दोन्हींत एकूण आकडा तोच हवा. स्टेटमेंटमध्ये हेडची नावं मंजुरीपत्रात आहेत तीच, त्याच क्रमाने लिहायची. तुमच्या टॅलीत "प्रवास व इतर" असं लेजर असेल आणि मंजुरीपत्रात "फील्ड व्हिजिट" असेल तर स्टेटमेंटमध्ये फील्ड व्हिजिटच. प्रत्येक हेडपुढे मंजूर रक्कम, मिळालेली रक्कम, झालेला खर्च, शिल्लक आणि शेरा. त्या संस्थेचा तक्ता आम्ही असा केला:

| घटक | वर्षाची मंजूर रक्कम | मिळाले | खर्च | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| सर्वसाधारण | ५,००,००० | ३,७५,००० | ३,४१,६०० | ३३,४०० |
| पगार | ४,००,००० | ३,००,००० | ३,००,००० | ० |
| भांडवली | ३,००,००० | २,२५,००० | १,९१,००० | ३४,००० |
| एकूण | १२,००,००० | ९,००,००० | ८,३२,६०० | ६७,४०० |

खाली एक ओळ, व्याज ११,४०० धरून एकूण शिल्लक ७८,८००. सर्वसाधारणच्या शेऱ्यात "पैकी २०,००० उचल, हिशेब येणे बाकी" आणि भांडवलीच्या शेऱ्यात "प्रिंटरची ऑर्डर मार्चमध्ये दिली, बिल एप्रिलमध्ये". सर्वसाधारणच्या आत उपहेड असतील तर त्यांचा वेगळा तक्ता मागे जोडायचा, सगळं एकात कोंबलं की वाचणाऱ्याला काही कळत नाही.

ऑडिटशी जुळवताना एक जागा आहे जिथे आकडे खरे असूनही न जुळल्यासारखे दिसतात. ऑडिटच्या उत्पन्न-खर्च पत्रकात (इन्कम-एक्सपेंडिचर) त्या संस्थेचा प्रकल्पखर्च ६,४१,६०० दिसत होता आणि यूसीत ८,३२,६००. फरक १,९१,०००, म्हणजे भांडवली खरेदी, जी उत्पन्न-खर्च पत्रकात येत नाही, ताळेबंदात मालमत्ता म्हणून जाते. उलट घसारा त्या पत्रकात येतो पण यूसीत कधीच धरायचा नाही, कारण घसाऱ्यासाठी कुणाला पैसे दिलेले नसतात. म्हणून यूसी जमा-खर्च पत्रकाशी, म्हणजे रिसीट-पेमेंटशी जुळवायची. आणि मी नेहमी अर्ध्या पानाचा एक ताळमेळ जोडते, उत्पन्न-खर्च पत्रकातला आकडा, अधिक भांडवली खरेदी, वजा घसारा, अधिक-वजा बाकी जे असेल ते, बरोबर यूसीचा आकडा. हे अर्धं पान जोडायला लागल्यापासून माझ्याकडच्या फाइलींना न जुळण्याचा शेरा क्वचितच आलाय, कारण फरक आपणच समजावून सांगितलेला असतो.

मार्चचा पगार एप्रिलमध्ये दिला असेल तर काय, हा प्रश्न येणारच. ऑडिटमध्ये तो देणं म्हणून मार्चमध्ये धरलेला असतो, पण पैसे गेले नाहीत. मी तो पुढच्या वर्षाच्या यूसीत घेते आणि ताळमेळात लिहिते. काही खाती मार्चचा पगार त्याच वर्षात मान्य करतात, तसं मंजुरीपत्रात किंवा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत असेल तर तसं करा, मात्र मग तीच पद्धत दरवर्षी ठेवा. टीडीएसचं असं की खर्च पूर्ण बिलाचा धरायचा, टीडीएस कापून हातात दिलेल्या रकमेचा नाही, आणि मार्चमध्ये कापलेला टीडीएस एप्रिलमध्ये भरणार असाल तर तेवढे पैसे ३१ मार्चला बँकेत जास्त दिसतील, ते ताळमेळात नमूद करा.

आता वर्डिंग. १२-ए हा छापील नमुना आहे आणि त्यातली वाक्यं बदलायची नाहीत, केंद्राकडे तो मूळ इंग्रजीत किंवा हिंदीतच जातो. पण आपण कशावर सही करतोय हे सही करणाऱ्याला कळायला हवं म्हणून मी मराठीत अर्थ सांगते. मुख्य वाक्य असं: "प्रमाणित करण्यात येते की, ज्या अटींवर अनुदान मंजूर झाले त्या अटींची पूर्तता झाली आहे / होत आहे याची मी खात्री करून घेतली आहे, आणि पैसे ज्या कारणासाठी मंजूर झाले त्याच कारणासाठी प्रत्यक्ष वापरले गेले हे पाहण्यासाठी मी पुढील तपासण्या केल्या आहेत." त्याखाली क्रमाने मुद्दे येतात. हिशेब आणि नोंदवह्या, मालमत्ता नोंदवहीसकट, नियमाप्रमाणे ठेवल्या आहेत, त्यांचं ऑडिट झालंय आणि वरचे आकडे ऑडिटच्या आकड्यांशी जुळतात. अंतर्गत नियंत्रण आहे. नियमांविरुद्ध व्यवहार झालेला नाही. जबाबदाऱ्या नेमून दिलेल्या आहेत. लाभ ज्यांना मिळायला हवा त्यांनाच आणि त्याच भागात मिळाला. घटकांवरचा खर्च ठरवून दिलेल्या प्रमाणात झाला. आणि भौतिक उद्दिष्टं किती गाठली ते सोबतच्या परिशिष्टात दिलंय.

यात तीन जागी हात लावायचा असतो आणि लोक तिथेच रिकामं सोडतात. "पूर्तता झाली आहे / होत आहे" यातलं एक खोडायचं. तुमचा दुसरा हप्ता बाकी आहे, काम चालू आहे, म्हणून "झाली आहे" खोडा. वर शीर्षकात रिकरिंग की नॉन-रिकरिंग, पगार की भांडवली, यातलं लागू नसलेलं खोडा. आणि हिशेब कोणत्या कायद्याखाली ठेवता ते नाव लिहायला सांगितलंय, तिथे सार्वजनिक न्यास असाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, कलम ८ ची कंपनी असाल तर कंपनी कायदा, असं स्पष्ट लिहा. मंजुरीपत्राचा क्रमांक, तारीख आणि रक्कम यांचा रकाना तर अक्षर-अक्षर पत्राप्रमाणे. दोन हप्ते दोन पत्रांनी आले असतील तर दोन ओळी.

उरलेल्या रकमेबद्दल स्वतःच्या मनाने "पुढील वर्षी वापरण्यात येईल" असं लिहू नका. कॅरी फॉरवर्डला परवानगी द्यायची की पुढच्या हप्त्यातून वळती करायची की परत मागायची हे खातं ठरवतं. आपण कव्हरिंग लेटरमध्ये विनंती करायची, त्या संस्थेने भांडवलीचे ३४,००० प्रिंटरसाठी पुढच्या वर्षी वापरायची परवानगी मागितली, ऑर्डरची प्रत जोडली.

परिशिष्टातल्या उद्दिष्टांचंही तसंच. ६० प्रशिक्षणं ठरली होती आणि ५२ झाली तर ५२ लिहा आणि आठ का राहिली ते एका वाक्यात सांगा. नियमातच आहे की उद्दिष्ट गाठलं नसेल तर कारण द्यायचं. खर्च ९३ टक्के आणि काम १०० टक्के असं नुसतं चांगलं दिसावं म्हणून लिहिलं की पुढे तपासणीला हजेरीपत्रकं मागतात.

सह्या. १२-ए च्या खाली दोन सह्या छापलेल्या आहेत, डावीकडे वित्तप्रमुख आणि उजवीकडे संस्थाप्रमुख. छोट्या संस्थेत वित्तप्रमुख म्हणजे खजिनदार, किंवा हिशेबाचा प्रमुख कर्मचारी असेल तर तो. संस्थाप्रमुख म्हणजे घटनेप्रमाणे ज्याला अधिकार आहे तो, अध्यक्ष किंवा सचिव, कॉलेज असेल तर प्राचार्य किंवा विद्यापीठात कुलसचिव. दोन्ही जागी एकाच माणसाची सही नको, दोन स्वतंत्र डोळ्यांखालून जावं हाच तिचा उद्देश आहे. बँकेत ज्यांच्या सह्या चालतात त्यांच्याच इथे चालतात असं धरू नका, शंका असेल तर कार्यकारिणीचा ठराव करून त्याची प्रत जोडा. प्रत्येक सहीखाली पूर्ण नाव, पद, शिक्का आणि तारीख. संशोधन प्रकल्प असेल तर बहुतेक ठिकाणी प्रमुख संशोधकाचीही सही लागते, तीही मंजुरीपत्रात सापडेल.

तुमच्या यूसीवर सीएची सही होती आणि तरी "सह्या अपुऱ्या" आलं, म्हणजे बहुधा संस्थेच्या दोन सह्यांपैकी एक कमी होती. सीएची सही संस्थाप्रमुखाच्या सहीच्या जागी चालत नाही. "मी खात्री करून घेतली" हे विधान संस्थेचं आहे, सीए फक्त आकडे हिशेबाशी जुळतात एवढं प्रमाणित करतात. खात्याने सीएचं प्रमाणपत्र मागितलं असेल तर त्यावर सदस्य क्रमांक, फर्मचा नोंदणी क्रमांक आणि यूडीआयएन हवा. हा १८ अंकी क्रमांक २०१९ पासून सीएच्या प्रमाणपत्रांना सक्तीचा आहे आणि तो ऑनलाइन कुणालाही तपासता येतो, तिथे भरलेले आकडेही दिसतात. म्हणूनच जुन्या यूसीचा यूडीआयएन नव्या यूसीवर टाकू नका. जुन्यावर ९ लाख असतील आणि नव्यावर ८,३२,६००, लगेच उघडं पडतं. सीएंना जुना रद्द करायला सांगा आणि नवा काढून घ्या.

तारखांचा क्रमही बघा. ऑडिट रिपोर्टची तारीख आधी, मग यूसीवरच्या सह्या. यूसी मे महिन्याची आणि ऑडिट सप्टेंबरचं असेल तर "ऑडिटशी जुळतात" हे विधान मे मध्ये कसं केलं हा प्रश्न येतोच. ऑडिट व्हायचं असेल तर शीर्षकात "प्रोव्हिजनल" लिहून पाठवता येते, रिकरिंग अनुदानात पुढच्या वर्षाचे पैसे सुरू व्हायला ती पुरते, पण त्या वर्षाच्या मंजूर रकमेच्या ७५ टक्क्यांपुढचे पैसे पक्की यूसी आणि ऑडिट झालेले हिशेब दिल्यावरच सुटतात. मुदत नियमात आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिने आहे, म्हणजे २०२४-२५ साठी ३१ मार्च २०२६, मात्र मंजुरीपत्रात त्याहून कमी दिली असेल तर तीच पाळा.

पीएफएमएस या सरकारी पोर्टलवर खर्च भरत असाल तर तिथला आकडाही एकदा बघून घ्या. त्या संस्थेने तिथे उचलीचे २०,००० खर्च म्हणून टाकले होते, यूसी बरोबर झाली पण पोर्टल वेगळं सांगत होतं, ते दुरुस्त करेपर्यंत आणखी तीन आठवडे गेले.

परत पाठवताना कव्हरिंग लेटरमध्ये त्यांच्या शेऱ्याच्या पत्राचा क्रमांक-तारीख घाला, "आधीची यूसी रद्द समजावी, सोबत सुधारित यूसी" असं स्पष्ट लिहा, आणि आकडा ९,००,००० वरून ८,३२,६०० का झाला ते तीन ओळीत सांगा, उचल इतकी, न आलेला माल इतका, चुकून टाकलेलं भाडं इतकं. सोबत यूसी, स्टेटमेंट, ताळमेळाचं अर्धं पान, ऑडिट झालेले हिशेब, ३१ मार्चपर्यंतचं बँक स्टेटमेंट, व्याज भरल्याची पावती, मालमत्तेची यादी आणि उद्दिष्टांचं परिशिष्ट. मालमत्तेची यादी देताना नोंदवहीतला अनुक्रमांक लिहा, कारण अनुदानातून घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकता येत नाही आणि पुढे कधी तपासणी आली की त्याच क्रमांकाने वस्तू शोधतात. त्या संस्थेची फाइल अशी गेली आणि दुसऱ्या हप्त्याचं पत्र आलं तेव्हा त्यात ३३,४०० वळते करून घेतले होते आणि प्रिंटरचे ३४,००० वापरायला परवानगी दिली होती.

तुमचे घटकवार आकडे आणि ३१ मार्चची पासबुकातली शिल्लक इथे टाकलीत तर कुठे फरक पडतोय ते बघून सांगते, खाते क्रमांक वगैरे टाकू नका.